केस, गवत आणि दुधाचे पैसे

लोकांना नावं ठेवण्यात आमचं घराणं पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे, पण स्वतःच्या धंद्याला नाव ठेवायची वेळ आली आणि मी आणि माझी मोठी जाऊ, म्हणजे आमच्या ताई, तीन आठवडे अडकून पडलो.

माल एकदम साधा. मोड आणलेल्या नाचणीचं सत्त्व, सहा महिन्यांपुढच्या बाळांसाठी. ताईंना नाव सुचलं ‘बाळघास’. मला तर ऐकूनच भरून आलं, हा घास चिऊचा हा घास काऊचा सगळं डोळ्यांपुढे आलं. वाकडच्या आमच्या सोसायटीत अर्धा भारत राहतो, म्हटलं माल सगळीकडे विकायचाय तर विचारून तरी बघू. विचारलं, सगळे म्हणाले व्वा, छान! म्हणणारच, कारण आम्ही आधी पाच मिनिटं अर्थ समजावला आणि मग कसं वाटलं विचारलं. बारशाला जाऊन कोणी म्हणतं का की नाव भंगार आहे?

धाकटा दीर पॅकेजिंगच्या लाइनमधला. तो म्हणाला, वहिनी, असं विचारतात होय? कागदावर नुसतं नाव लिहा, इंग्रजीत, पाकिटावर तेच येणार ना. काही सांगायचं नाही. मोठ्याने वाचायला लावा आणि विचारा, हे लोक काय विकत असतील?

मी लिहिलं Balghas. लिहितानाच ळ गेला, बिचाऱ्याला इंग्रजीत घरच नाही.

चौथ्या मजल्यावरच्या लखनौच्या भाभींनी वाचलं, “बाल... घास. हेअर ऑइल है?” बाल म्हणजे केस, घास म्हणजे गवत, तर केस गवतासारखे वाढवणारं तेल असणार, हा त्यांचा हिशोब, आणि खरं सांगू, तेलासाठी नाव वाईट नाहीये. मग मी म्हटलं की हे बाळाने खायचंय. भाभींचं तोंड जेवणात केस सापडल्यासारखं झालं.

बी विंगमधल्या चेन्नईच्या काकांनी हौसेने ते तमिळमध्ये लिहून दिलं. तमिळमध्ये प आणि ब ला एकच अक्षर, क आणि घ ला पण एकच, वाचणाऱ्याने अंदाजाने घ्यायचं. (ळ त्यांच्याकडे आहे हो, पण आम्ही इंग्रजीतून गेलो ना, मग काय उपयोग.) काकू आतून आल्या, चिठ्ठी वाचली, ‘पाल् कास्’, आणि सरळ पर्स शोधायला लागल्या. पाल् म्हणजे दूध, कासु म्हणजे पैसे. त्यांना वाटलं दूधवाल्याचे द्यायचे राहिलेत.

तोपर्यंत मी हसत होते. मग बंगाली. तळमजल्यावरचे रिटायर्ड दादा म्हणाले, “व्हेरी नाइस,” आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मला तिथेच शंका यायला हवी होती, कारण सभ्य माणूस तुम्हाला शिवीचा अर्थ सांगत नाही, त्यासाठी पंचविशीतलं कोणीतरी लागतं. ऑफिसातल्या कोलकात्याच्या पोरीला कागद दाखवला तर तिने आधी केबिनचं दार लावलं. म्हणाली, दीदी, हिंदीतले केस डोक्यावरचे असतात, आमचे तिथले नसतात, आणि वर ती शिवी आहे, दिवसाला पन्नास वेळा ऐकू येणारी. हे बाळाच्या खाण्यावर छापणार तुम्ही?

घरी आले तर पुतण्याने कागद उचलून वाचला, “बॉल गॅस?” ताई उठून आत गेल्या.

मग ताईंचं दुसरं नाव, ‘चिऊकाऊ’. ह्यात कुठल्याच भाषेत केस नाहीत, आम्ही खूश. लिहिलं Chiukau. पुतण्याच परत, “च्यू काऊ? म्हणजे गाय चावा?” आपल्या देशात ह्या नावाचं पाकीट घेऊन मी ट्रेनमध्ये पण बसणार नाही.

शेवटी एक नाव असं मिळालं की कुठेच काही वाईट निघेना, ‘मंमं’. तमिळ काकू म्हणाल्या आमच्याकडे पण लहान मुलांच्या जेवणाला मम्मम् म्हणतात, कन्नड शेजारीण म्हणाली आमच्यात मम्मु. ताईंनी पेढे आणले. ट्रेडमार्कवाल्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, मॅडम, सगळ्यांना कळतंय हीच तर अडचण आहे. जेवणालाच मंमं म्हणत असतील तर ते मालाचं वर्णन झालं, कलम 9 खाली ऑब्जेक्शन येऊ शकतं. बाळांचं खाणं क्लास 5 मध्ये जातं, तिथे फोनेटिक सर्च मारा, मम, मॉम, मामा असलं काय काय निघतं ते बघा आणि मग या. पेढे मात्र त्याने दोन खाल्ले.

सध्या पाकिटावर नुसतं ‘नाचणी सत्त्व’ छापलंय, वर नावाची जागा कोरी. माल मात्र खपतोय. काल रात्री सोसायटीच्या ग्रुपवर भाभींचा मेसेज आला, सगळ्या तीनशे जणांसमोर: “दीदी, वो बाल-घास के दो पैकेट भिजवा देना.” खाली तळमजल्यावरच्या दादांचा अंगठा.