ते एकशे दहा किलोमीटर कुठे गेले

★☆☆☆☆
"रोज सातारा ते शिरवळ जाऊन-येऊन असतो. इलेक्ट्रिक गाडी घ्यायच्या आधी तीन दिवस माझ्या रोजच्या वाटेवर चालवून बघायची म्हणून मेल केला. उत्तर यायला पाच दिवस! शेवटी एकच फेरी दिली, तीही सेल्समन शेजारी बसवून. रात्री गाडी घरी ठेवू दिली नाही, म्हणजे गिऱ्हाइकावर विश्वास नाही. निघताना गाडी ३१० किमी दाखवत होती. १२० किमी चालवून परत आणली तर ८० उरले. मधले ११० किमी कुठे गेले? खंबाटकीत गाडीने दम टाकला. रेंजच्या नावाखाली शुद्ध फसवणूक. लांबच राहा."

नमस्कार साहेब,

तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून माफी मागतो. उत्तराला वेळ लागला हे खरं आहे. मेल शुक्रवारी रात्री आला होता आणि तो सर्व्हिसच्या पत्त्यावर आला होता, जिथे ऑइल बदलण्याच्या तारखा विचारणारे मेल येतात. तिथून तो विक्रीच्या टेबलावर पोचेपर्यंत पुढचा आठवडा उजाडला. त्यात मेलमध्ये 'माझ्या रोजच्या मार्गावर गाडी चालवून बघायची आहे, सोयीने कळवावे' एवढंच होतं. शिरवळ हे नाव त्यात कुठेही नव्हतं. टेबलावरच्या मुलीला वाटलं पोवई नाक्यावरून गोडोलीपर्यंतची फेरी असेल, म्हणून तिने अर्ध्या तासाची वेळ दिली. तुम्ही फोनवर चिडलात तेव्हा आम्हाला कळलं की हा रोजचा साठ जाऊन साठ येण्याचा मामला आहे.

तेही असो. पण 'फसवणूक' हा शब्द मला खटकला आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. हे शोरूम माझं एकट्याचं आहे, मोठ्या साखळीतलं नाही. तालुक्यातली माणसं इथे नाव बघून येतात.

तुम्ही विचारलेला ११० किलोमीटरचा प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर मी त्याच दिवशी समोर बसवून दिलं असतं, पण तुम्ही किल्ली काउंटरवर ठेवून निघून गेलात.

स्क्रीनवर दिसणारे ३१० म्हणजे कंपनीचं वचन नव्हे. आधीचा ड्रायव्हर गाडी कशी चालवत होता यावरून गाडीने बांधलेला तो अंदाज असतो. आदल्या दोन दिवसांत ती गाडी साताऱ्यातल्या साताऱ्यात, ताशी तीस-चाळीसने, सिग्नलला थांबत फिरली होती. त्या वेगाला एका युनिटमध्ये आठ किलोमीटरच्या वर जाते. बॅटरीत वापरण्याजोगी ४० युनिट असतात. तुम्ही निघालात तेव्हा चार्ज ९४ टक्के होता, म्हणजे साडेसदतीस युनिट. त्याला आठ-सव्वाआठने गुणा, ३१० येतात. परत आलात तेव्हा ४१ टक्के म्हणजे साडेसोळा युनिट शिल्लक होती, आणि आता गाडीच्या आठवणीत तुमचं चालवणं होतं, युनिटला पाच किलोमीटरच्या आतबाहेरचं. म्हणून ८०. मधले ११० किलोमीटर कोणी चोरले नाहीत. आधीचा अंदाज शहराचा होता, नंतरचा हायवेचा. म्हणूनच आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो की किलोमीटरच्या आकड्याकडे बघू नका. निघताना ट्रिप मीटर शून्य करा, आणि युनिटला किती किलोमीटर पडले तेवढंच परत येऊन वाचा. शेजारी बसलेला आमचा विक्रीचा मुलगा ट्रिप मीटर शून्य करत होता. तुम्ही त्याला म्हणालात, ते राहू दे.

पण त्याने जाताना आणि येताना टक्के टिपून ठेवले होते, म्हणून आज मला लिहिता येतंय. जाताना २० टक्के गेले, म्हणजे आठ युनिट. साठ किलोमीटरला आठ युनिट म्हणजे युनिटला साडेसात किलोमीटर. हायवेला हा आकडा चांगलाच आहे. तेव्हा तुम्ही ताशी ऐंशी-पंच्याऐंशीने, गप्पा मारत चालला होतात. येताना मात्र ३३ टक्के गेले, म्हणजे सव्वातेरा युनिट. युनिटला साडेचार किलोमीटर. गाडी तीच, रस्ता तोच, तासाभराचा फरक. पाच युनिट जास्त गेली कुठे?

तुम्ही म्हणता घाटात. शिरवळकडे जाताना तुम्ही बोगद्यातून गेलात आणि घाट चढावा लागला तो परतीला, हे बरोबर आहे. पण चढाचा हिशोब सरळ आहे. माणसांसकट सतराशे किलोची गाडी शंभर मीटर उंच न्यायला अर्धं युनिट लागतं. खंबाटकीचा चढ अगदी तीनशे मीटर धरला तरी दीड युनिट झालं. वर पोचल्यावर सुरूरकडे उतरताना त्यातलं थोडं ब्रेकिंगमधून बॅटरीत परत येतं ते वेगळंच. शिरवळहून तुमचे दोन सहकारी मागे बसले, आम्हाला न विचारता, पण त्यांच्या वजनाचंही मी बोलणार नाही. दीडशे किलो त्या घाटावर चढवायला युनिटचा आठवा हिस्सासुद्धा लागत नाही. आणि 'दम टाकला' म्हणाल, तर चढावर पॉवरचा काटा वर जातो आणि टक्का भराभर पडताना दिसतो, त्याने माणूस घाबरतो. इंजिनाच्या गाडीतही तिथे पेट्रोल असंच जातं, फक्त टाकीचा काटा ते इतक्या बारकाईने दाखवत नाही.

उरलेली साडेतीन युनिट वेगाने खाल्ली. परतताना सपाट रस्त्यावर काटा ११० ते ११५ वर होता. आमच्या मुलाने दोनदा "सर, जरा सावकाश" म्हटलं, ते तुमच्या रिव्ह्यूत आलेलं नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून ११० वर गेलं की वेग सदतीस-अडतीस टक्क्यांनीच वाढतो, पण हवा गाडीला जवळजवळ दुप्पट जोराने मागे रेटते. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाची उष्णता बरंचसं इंधन खात असल्याने हा फरक तितका डोळ्यांत भरत नाही. इलेक्ट्रिकमध्ये वाया जाणं मुळात कमी, म्हणून हवेने घेतलेलं सगळं स्क्रीनवर उघडं पडतं. त्या हायवेवर वेगाची मर्यादा किती आहे ते तुम्हाला मी सांगायला नको.

कंपनीच्या पत्रकातला साडेचारशेचा आकडा कसा येतो तेही सांगतो, कारण त्यावरून आम्ही रोज शिव्या खातो. ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते, एसी बंद ठेवून, आणि तिच्यात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो, तोही थोडा वेळच. आम्ही काउंटरवर कोणालाही साडेचारशे सांगत नाही. तुम्हालाही 'हायवेला अडीचशे ते तीनशे धरा' असंच सांगितलं होतं.

आता तुमच्याच आकड्यांनी बघा. तुमच्या चालवण्याने, तुमच्या वेगाने, घाट धरून १२० किलोमीटरला ५३ टक्के गेले. म्हणजे शंभर टक्क्यांत सव्वादोनशे. तुम्ही म्हणाल की मी रोज असाच चालवतो. हरकत नाही, मग सव्वादोनशे हीच तुमची रेंज समजा. तुमची रोजची गरज १२० ची आहे. संध्याकाळी घरी आल्यावरही निम्म्याच्या आसपास बॅटरी शिल्लक. परतीचा वेग पंच्याऐंशीवर ठेवलात तर खर्च पंचेचाळीस टक्क्यांवर येईल आणि घरी पोचायला दहाएक मिनिटं जास्त लागतील. तुमच्या वाटेवर गाडी पास झाली, साहेब, आणि आम्हाला एक तारा मिळाला.

राहिली रात्रीची गोष्ट. अविश्वासाचा प्रश्नच नाही. आमच्याकडे त्या मॉडेलची डेमो गाडी एकच आहे. ती फर्मच्या नावावर आहे, विमाही फर्मचा, म्हणून आमचा माणूस शेजारी असतो. ती तीन दिवस तुमच्या दारात उभी राहिली तर बाकीच्यांना मी काय दाखवू? शिवाय मागे एका गिऱ्हाइकाला आम्ही गाडी रात्रभर दिली होती. त्यांनी चार्जर स्वयंपाकघरातल्या एक्स्टेंशन बोर्डाला लावला. मिक्सर पाच मिनिटं चालतो, चार्जर मात्र आठ तास सलग मोठा करंट ओढतो. सकाळी बोर्ड वितळलेला, आणि चार्जर बदलण्याचा खर्च आमच्या माथी.

खरं तर घरचं चार्जिंग हाच तुमच्या चौकशीतला मोलाचा भाग होता आणि त्यासाठी गाडी रात्रभर लागतच नाही. पार्किंगमध्ये १५ अँपिअरचं सॉकेट आहे का, त्याची वायर थेट मीटरच्या बोर्डातून वेगळ्या एमसीबीवर आलेली आहे का, आणि अर्थिंग आहे का, एवढं बघायचं. जुन्या वाड्यांत आणि सोसायट्यांत अर्थिंग फक्त नावाला असतं. तसं असेल तर चार्जरवर लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही, दहा मिनिटांत निकाल कळतो. तुमच्या २१ युनिटसाठी भिंतीतून साधारण २४ युनिट ओढली जातील, कारण वाटेत थोडी उष्णतेत जातात. त्या सॉकेटवर ते आठ तासांचं काम आहे. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ६०० युनिट. घरच्या मीटरवर एवढं वाढलं की दर वरच्या टप्प्यात जातो, तेव्हा वेगळ्या मीटरचं महावितरणच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. पेट्रोलशी तुलना त्यानंतरच करा, नाहीतर दुसरा रिव्ह्यू त्यांच्या नावाने लिहावा लागेल.

तुमच्या सूचनांची नोंद घेतली आहे. टेस्ट ड्राइव्हच्या मेलसाठी वेगळी व्यवस्था करतो आहोत, आणि लांबच्या फेऱ्यांसाठीही काहीतरी पद्धत बसवू.

तुम्हाला पुन्हा यायचं असेल तर गाडी तुमचीच आहे. फक्त या वेळी मेलमध्ये चार ओळी जास्त लिहा: कुठून कुठे, किती वाजता निघता आणि परतता, सोबत किती माणसं, आणि पार्किंगमधल्या सॉकेटचा व मीटरच्या बोर्डाचा एक-एक फोटो. लायसन्सची प्रत जोडलीत तर तोही वेळ वाचेल. शनिवार-रविवार नको, कारण सुट्टीला आनेवाडी टोलवर पुण्याची गर्दी असते आणि तुमचा रोजचा आकडा त्यात सापडणार नाही. मंगळवार किंवा बुधवार सकाळी साताऱ्याहून निघा, दिवसभर गाडी तुमच्या कंपनीच्या आवारात उभी राहू दे, संध्याकाळी नेहमीच्या वेळी परत आणा. टोल आम्ही भरू. आमचा मुलगा बसने येईल आणि परतीला तुमच्यासोबत बसेल, तेवढं मात्र चालवून घ्या. ट्रिप मीटर त्याला शून्य करू द्या.

आणि जमलं तर त्या 'फसवणूक' शब्दाचा पुनर्विचार करावा, ही विनंती.

आपला,
शोरूमचा मालक, सातारा