दार हासून राह्यलं

आज सकाळी दूध आणायला निघालो, तर समोरच्या काकांनी फिरायला आलेल्या दोघांना फाटकातूनच माझं दार दाखवलं. "ते पाहा, हासून राह्यलं." तिघंही हसले. दार चौथं.

झालं असं की जुनी चौकट वाळवीनं खाल्ली, म्हणून नवी सागवानी आणली. मिस्त्रीनं ती भोकात उभी केली, पाचरा ठोकून तात्पुरती अडकवली आणि तो पोळ्याला जो गेला, तो मारबतीचा दिवस उजाडला तरी फिरकला नाही. दोन दिवस पल्ला भिंतीला टेकून उभा आणि घर सताड उघडं. म्हटलं, आपणच लावू. सात फुटांची फळी आणि तीन कब्जे, त्यात काय मोठंसं?

काका खुर्ची घेऊनच आले. हातात खर्रा, आणि तो घोटण्याची लय अशी की भजनाला टाळ नको.

कब्जे ज्या खांबाला लागतात तो आधी सरळ हवा, एवढं मला ठाऊक होतं. वर खिळा ठोकून आतल्या अंगाला ओळंबा सोडला. पण तो थांबेना, कारण काकांनी पंखा लावायला लावला होता. "माणसं मारता का जी उकाड्यानं?" शेवटी ओळंब्याचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवलं. पाण्यात ते पटकन स्थिरावतं, ही युक्ती माझी. काकांनी त्याच बादलीत हात धुतले आणि ओळंबा पुन्हा डोलायला लागला.

अखेर मोजलं. दोरीपासून लाकूड वर ४० मिलिमीटर, खाली ४६. म्हणजे खांबाचा माथा सहा मिलिमीटर दाराकडे झुकलेला. असाच पल्ला टांगला असता, तर कडीच्या बाजूचा वरचा कोपरा चौकटीला घासला असता.

"मले तं दोरीबिगर दिसते," काका एक डोळा मिटून म्हणाले. "पस्तीस वर्षं बांधकामावर होतो." दिसत होतं तर तासभर गप्प का बसले, हे विचारायचं राहिलं. खर्रा तोंडात होता, म्हणून असेल.

खालच्या कब्ज्यामागे पाचर ठोकली. खांब पुढे आला, पण पिळला. एकाच बाजूनं घातलेली पाचर एका कडेला जाड आणि दुसरीला पातळ, त्यामुळे खांबाचं तोंडच फिरतं. दोन पाचरा समोरासमोरून, निमुळती टोकं एकमेकांवर सरकवत ठोकल्या की जाडी सगळीकडे सारखी राहते. हे तिसऱ्या प्रयत्नात कळलं. दोरी वरखाली ४० वर आली आणि मी कृतार्थ झालो.

तिथंच घात झाला. स्क्रू पाचरांमधूनच जायला हवा. मी मारला वीतभर वर, जिथं मागे नुसती पोकळी. कसला, तसा खांब हूं की चूं न करता भिंतीकडे ओढला गेला. दोरी तोवर मी काढून ठेवली होती.

पल्ला टांगला. फट तीन मिलिमीटर हवी. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की जवळपास तेवढी होतात. कडीच्या बाजूला खाली दोन नाणी खुशाल गेली, वर एकही जाईना. काकांनी फटीवरून बोट फिरवलं. "रंधा मारा जी."

मारला नाही, हे माझं एकमेव शहाणपण. ओल्या हवेत लाकूड फुगलेलं असतं. आता तासलं, तर मे महिन्यात सुकल्यावर फटीतून बेडरूम दिसेल. आणि मुळात चूक खांबाची, शिक्षा पल्ल्याला कशाला? खरं तर स्क्रू सैल करून पाचरा पुन्हा बसवायला हव्या होत्या. पण संध्याकाळ झाली होती, पाठ गेली होती आणि बायको न बोलता भांडी आपटत होती. ईडा-पीडा घेऊन जाय गे मारबत, असं मनात म्हटलं, तर काका उठलेही. जरा बरं वाटलं. पण ते एक जाड कार्ड घेऊन परतले. "चार घड्या करा अन् खालच्या कब्ज्यामागं घाला."

घातलं. पल्ल्याचा खालचा भाग कडीकडे सरकला, वरचा कोपरा मागे आला आणि सुटला. नाणं गेलं. दार लागलं. फट वर अजून किंचित बारीक आहे, तेच ते हासणं. पण लागतं, आणि त्यांच्यामुळे लागतं, हे मला अजून पचलेलं नाही.

रात्री कडी लावताना कब्ज्याबाहेर डोकावणारी सोनेरी कड दिसली. टॉर्च मारून वाचली. 'आग्रहाचे निमं', एवढंच. दोन वर्षांपूर्वी काकांच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा अख्ख्या गल्लीत आम्हालाच पत्रिका नव्हती. आत्ता मिळाली.