रीडिंग 0.0

गेल्या मंगळवारी दुपारच्या बॅचला, सगळ्या मुलांसमोर माझं ब्युरेट रीडिंग 0.0 आलं. ब्युरेट फुटली नव्हती, तोटी अडकली नव्हती, सोडियम हायड्रॉक्साइड गळ्यापर्यंत भरलेलं होतं. चूक एका वाक्यात होती आणि ते वाक्य माझ्याच जर्नलच्या उजव्या पानावर, माझ्याच वळणदार अक्षरात होतं.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. अकरावी-बारावीला जर्नल इंग्रजीत होतं, पण छापील. त्यात रिकाम्या जागा भरायच्या असत. वाक्यं प्रकाशकाची, आकडे माझे (आकडेही बरेचदा बाजूच्या बाकावरचे). बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी सरांनी कोऱ्या पानांची वही आणायला सांगितली आणि म्हणाले, "प्रोसीजर स्वतःच्या शब्दांत, पास्ट टेन्समध्ये." माझे स्वतःचे शब्द म्हणजे शंकुपात्र, चंचुपात्र आणि दर्शक. चंचुपात्र म्हटलं की ते कुठं धरायचं, कुठून ओतायचं हे त्याच्या चोचीवरूनच कळतं. बीकर म्हटलं की काहीही कळत नाही. असो, ते दुःख वेगळं.

प्रयोग सगळ्यांनाच माहीत असलेला. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून नुसतं वजन करून त्याच्या द्रावणाची तीव्रता सांगता येत नाही. ती ऑक्झॅलिक आम्लाच्या नेमक्या तीव्रतेच्या द्रावणाशी ताडून काढायची. शंकुपात्रात पिपेटनं 10 मिली आम्ल, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन, आणि ब्युरेटमधून अल्कली. रंगहीन द्रावण गुलाबी झालं की थांबायचं.

आता माझं वाक्य. देवनागरीत लिहिते, म्हणजे लाज थोडी कमी वाटेल: "सोडियम हायड्रॉक्साइड वॉज ॲडेड अनटिल द पिंक कलर डझ नॉट अपिअर."

मला त्यात काहीच खटकलं नव्हतं. अजूनही पहिल्या वाचनात खटकत नाही. डोक्यात चालू होतं ते असं: गुलाबी रंग येत नाही तोपर्यंत टाकत राहायचं. आई फोनवर सांगते, "बाबा येत नाहीत तोपर्यंत थांब गं." मी बाबा येईपर्यंत थांबते. "येत नाहीत तोपर्यंत" आणि "येईपर्यंत" यांचा मराठीत शेवट एकच होतो, बाबा घरात येतात. शाळेच्या पुस्तकातली कृती "येईपर्यंत"वाली असायची, म्हणजे सरळ. माझ्या डोक्यानं मात्र ऐन वेळी आईचं वाक्य उचललं आणि शब्दाला शब्द लावला. इंग्रजीतल्या "अनटिल"च्या पोटात तो "नाही" आधीच बसलेला असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला दुसरा "नॉट" दिला की तो उलटा फिरतो.

सरांनी जर्नल वर केलं. "हे वाच आणि लिहिलंय तस्संच कर."

मी वाचलं. ब्युरेटची तोटी धरली.

"थांब. आत्ता फ्लास्कमध्ये गुलाबी रंग दिसतोय?"

"नाही सर."

"मग झालं की. रंग न दिसेपर्यंत टाकायचं होतं. तो दिसतच नाहीये. रीडिंग घे."

"शून्य, सर."

"शून्य नाही. शून्य पॉइंट शून्य. ब्युरेटवर 0.1 मिलीच्या खुणा आहेत ना? हे पायलट रीडिंग. आता पुढची तीन घे."

मी खरंच तीनदा फ्लास्क धुतला. तीनदा पिपेटनं 10 मिली आम्ल घेतलं, दर्शक टाकला आणि तोटीला हात न लावता रीडिंग घेतलं. 0.0, 0.0, 0.0. मागून फिदीफिदी आवाज येत होते. माझ्या पार्टनरनं तर मैत्रीची परिसीमा गाठून आकडेमोडही करून दाखवली. 10 गुणिले 0.1 भागिले शून्य. कॅल्क्युलेटरवर आलं Math ERROR, आणि ते तिनं निकालाच्या रकान्यात पेन्सिलनं लिहिलं.

या सगळ्यात एकच माणूस मनापासून खूश झाला. लॅबचे मामा.

मामा या लॅबमध्ये सव्वीस वर्षं आहेत. बाटल्या भरणं, काच धुणं, फुटलेल्याचे पैसे लिहून घेणं ही त्यांची कामं. पण आपलं खरं काम विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणं हे आहे, असं त्यांचं ठाम मत. ते माझ्या ब्युरेटपाशी आले, वहीतले तीन शून्य बघितले आणि म्हणाले, "ताई, तिन्ही सारखी! सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, आली की! इथं पोरं रडून रडून जातात, 9.7, 9.9, 9.8 येतं आणि मग चोरून खाडाखोड करतात. तू एका फटक्यात."

"मामा, चुकलंय ते."

"चुकलं असेल. पण सारखं चुकलंय."

(मुद्दा खरा होता. तिन्ही एकसारखी आली म्हणजे बरोबर आली असं नव्हे, हे सांगायला सरांनी नंतर वीस मिनिटं आणि निम्मा फळा खर्च केला.)

मग मामांनी वही हातात घेतली. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण सव्वीस वर्षांच्या वह्या त्यांनी कपाटात रचल्या आहेत, लाल पेन कुठं पडतं ते ते बाहेरूनच ओळखतात. बोट ओळीवरून फिरवत म्हणाले, "वॉज कुठाय? हां, आहे. या ओळीत आहे. इथं नाही. इथं लाल होणार बघ."

"मामा, नुसतं वॉज घालून होत नाही."

"होतं. मला इतकी वर्षं झाली. दर ओळीला एक वॉज, आकड्यापुढं मिली, आणि शेवटी रिझल्टला चौकट. एवढं असलं की सर बघतसुद्धा नाहीत."

आणि खरंच, त्यांनी बोट ठेवलेल्या ओळीवर लाल होतंच. आधीच्या आठवड्याचं. मी लिहिलं होतं, "आफ्टर शेकिंग वेल, बिकेम पिंक." सरांनी विचारलं होतं, "सब्जेक्ट?" सब्जेक्ट हवा म्हणून मी घाईत "आय" घातला. मग त्याखाली दुसऱ्यांदा लाल पेन फिरलं: "यू बिकेम पिंक?"

याचा मला अजून राग आहे, कारण मराठीत त्यात वावगं काही नव्हतं. "नीट हलवल्यावर गुलाबी झाले." कोण झाले, हे मराठी विचारत नाही, संदर्भानं समजून घेते. द्रावण नपुंसकलिंगी, तेही झाले. मी मुलगी, मीही झाले. क्रियापद दोघींना एकच. हलवणारी मी, गुलाबी होणारं ते, आणि "हलवल्यावर"ला या वाटणीचं काही देणंघेणं नाही. इंग्रजीत मात्र "आफ्टर शेकिंग" पुढच्या कर्त्याच्या गळ्यात पडतं. हलवणारा आणि गुलाबी होणारा एकच ठरतो. "आय" काढून "द सोल्युशन" घातलं तरी द्रावणानंच स्वतःला हलवलं असा अर्थ निघतो. हे मला कळलं तेव्हा लॅबभर माझं नाव पिंकी पडलेलं होतं. खरं नाव बहुतेकांना आठवतही नाही.

तिसरी गोष्ट वजनाची, आणि तिथं चूक माझी एकटीची नाही असं मी शेवटपर्यंत म्हणणार. मॅन्युअलमध्ये होतं, "अबाऊट 0.63 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, ॲक्युरेटली वेड." सुमारे आणि अचूक, एकाच वाक्यात! आमच्या शाळेत बाईंनी असं लिहिणाऱ्याला बाकावर उभं केलं असतं. मी अचूक धरलं आणि सुमारे सोडलं. चमच्यानं चिमूट टाकायची, चिमूट काढायची. तराजू चार दशांश दाखवणारा, शेवटचा आकडा श्वासानंसुद्धा हलतो. मामांनी पंखा बंद करून दिला, काचेचं दार लावून दिलं. मागे सहा जण रांगेत. पंधरा मिनिटांनी 0.6412 वर हात टेकले आणि जर्नलमध्ये लिहिलं 0.63, कारण पुस्तकात तेच होतं ना.

सरांनी नंतर सांगितलं ते असं. "अबाऊट" म्हणजे 0.63 च्या आसपास काहीही घ्या, आकड्याच्या मागे धावू नका. "ॲक्युरेटली" म्हणजे जे घेतलंत ते तराजू दाखवेल तसं, चारही दशांशांसकट लिहा. द्रावणाची तीव्रता त्या आकड्यावरून काढायची, पुस्तकातल्या नाही. 0.6412 ग्रॅम 100 मिलीत म्हणजे आम्ल 0.1017 नॉर्मल. ब्युरेट 9.8 आली तर अल्कली 0.1038. मी लिहिलेल्या 0.63 नं तीच 0.1020 होते. एकाच बाटलीतलं द्रावण, दोन उत्तरं. मामांच्या नियमात हे बसत नाही, कारण दोन्हींत वॉज आहे, मिली आहे आणि चौकटही आहे.

पण मग इतकं कळतं तर मॅन्युअल लिहिणाऱ्याला दोन वाक्यं करायला काय झालं होतं? एक घ्यायचं किती ते सांगणारं, एक लिहायचं काय ते सांगणारं. जागा नव्हती म्हणे. पहिल्या पानावर विभागप्रमुखांचं मनोगत दीड पानाचं आहे.

शेवटी सरांनी वाक्य लिहून दिलं नाही, माझ्याकडूनच काढून घेतलं. रंग किती? फिकट. येऊन जातो की राहतो? हलवलं की जातो. मग कधी थांबलीस? राहिला तेव्हा. किती वेळ राहिला? मी घड्याळ बघितलं नव्हतं. पुन्हा बसवलं. या वेळी शेवटी एकेक थेंब. एक थेंब साधारण 0.05 मिली, म्हणजे एक थेंब जास्त झाला की 9.8 मध्ये अर्ध्या टक्क्याची चूक, आणि द्रावण चांगलं गडद गुलाबी दिसतं. शाळेत ते गडद गुलाबी आम्हाला भारी वाटायचं. नीट बसलेला रंग इतका फिकट असतो की खाली पांढरी टाइल ठेवल्याशिवाय दिसत नाही, आणि तोही नंतर विरतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात उतरतो. म्हणून "30 सेकंद टिकला" लिहायचं. मग वाक्य झालं: "सोडियम हायड्रॉक्साइड वॉज ॲडेड ड्रॉपवाइज, विथ स्वर्लिंग, अनटिल अ फेंट पिंक कलर परसिस्टेड फॉर 30 सेकंड्स." मामांनी बोट फिरवलं. एक वॉज. पास.

सही घेऊन बाहेर पडताना दारावरच्या पाटीकडे पहिल्यांदाच नीट लक्ष गेलं. विभागानं लावलेली, लाल अक्षरात: "डू नॉट लीव्ह द लॅब अनटिल द गॅस टॅप इज नॉट क्लोज्ड."

मी तिथंच उभी राहिले. मामांना बोलावलं. म्हटलं, "मामा, या पाटीप्रमाणे गॅस उघडा असला तरच घरी जाता येतं."

मामांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"चौदा वर्षं आहे ती पाटी," ते म्हणाले. "आजवर एकही पोरगं गॅस उघडा ठेवून गेलेलं नाही. सरक, कुलूप लावायचंय."