‘थांबेचना’ ही ओळ बदलू नका

“पावसाची दुःखी कविता आनंदी करणं सोपं आहे. वृत्त आणि यमक तसंच ठेवा, उदास शब्दांच्या जागी त्यांचे विरुद्धार्थी घाला, ध्रुवपद तेवढं नवं लिहा. उदास प्रतिमा मात्र काढाच, ती राहिली तर कविता उदासच राहणार.”

दर आषाढात हा मजकूर आमच्या सांगलीतल्या कवितेच्या गटांत फिरतो आणि नव्याने लिहिणारी मुलं तो खरा मानतात. म्हणून उत्तर सविस्तर देतो. दुसऱ्या कुणाची कविता कापायला घेत नाही, माझीच जुनी अष्टाक्षरी घेतो. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, चारानंतर किंचित थांबा, आणि कडव्याच्या शेवटी तीच ओळ.

कौलांतून थेंब थेंब
पातेल्यात वाजे पाणी
दिवा कमी केला तरी
अजून ना आलं कुणी
पाऊस हा थांबेचना

ओढा आला पायरीशी
वाट गेली पाण्याखाली
कोरडीच छत्री तुझी
खुंटीवर राहिलेली
पाऊस हा थांबेचना

आधी विरुद्धार्थी शब्दांचं बघू. वरच्या कृतीने पहिलं कडवं केलं तर असं होतं:

कौलांतून मोती मोती
पातेल्यात हसे पाणी
दिवा मोठा केला आणि
धावतच आले कुणी

अक्षरं मोजा, आठच आहेत. यमकही बसलंय. पण पातेलं वाजायचं थांबलं. मूळ ओळीत रात्रीच्या शांततेत भांड्यात पडणाऱ्या थेंबाचा आवाज होता आणि तो आवाज सुखाचाही नव्हता, दुःखाचाही नव्हता. ऐकणारा एकटा होता म्हणून तो उदास वाटला. ‘मोती’ म्हटल्यावर आवाज गेला, गळकं घर गेलं, आणि वाचकाला खूश व्हायचा हुकूम तेवढा उरला. विशेषणं आणि उपमा आनंदाच्या घालून कविता आनंदी होत नाही. घरात कोण आहे, कशासाठी जागं आहे, हे बदलावं लागतं.

आता वृत्त आणि यमकाचं. तेवढं राखलं की रचना राखली असं मानणं ही या मजकुरातली सगळ्यात मोठी चूक आहे, आणि ती चटकन दिसत नाही. माझ्या कडव्याची खरी बिजागरी तिसऱ्या ओळीतल्या ‘तरी’वर आहे. दिवा कमी केला, म्हणजे रात्र झाली. तरी जे व्हायला हवं होतं ते झालं नाही. मग चौथ्या ओळीत ‘ना’ येतो. अपेक्षा आणि नकार, ही या कडव्याची चाल आहे. मोत्यांच्या कडव्यात ‘तरी’चं ‘आणि’ झालं, ‘ना’ गळाला. दोन गोष्टी एकापुढे एक ठेवल्या गेल्या, वळण नाहीसं झालं. अक्षरं आठच राहिली, रचना मात्र गेली.

म्हणजे प्रश्न असा उरतो: ‘तरी’ आणि ‘ना’ दोन्ही ठेवून आनंद कसा आणायचा? नकार दुःखाचाच असतो असं थोडंच आहे. ‘घरी कुणी आलं नाही’ हा एक नकार, ‘घरात कुणी झोपलं नाही’ हा दुसरा. पाहुणे आल्यावर कंदिलाची वात खाली करून आई “झोपा आता” म्हणते आणि अंथरुणात गप्पा चालूच राहतात, ती रात्र आठवा.

कौलांतून थेंब थेंब
पातेल्यात वाजे पाणी
दिवा कमी केला तरी
अजून ना निजे कुणी
पाऊस हा थांबेचना

ओढा आला पायरीशी
वाट गेली पाण्याखाली
ओलीचिंब छत्री तुझी
खुंटीवर राहिलेली
पाऊस हा थांबेचना

दहा ओळींत दोन शब्द बदलले. ‘आलं’चं ‘निजे’ झालं, ‘कोरडीच’चं ‘ओलीचिंब’. कोरडी छत्री म्हणजे माणूस ती न घेता गेलं आणि परतलं नाही. ओली छत्री म्हणजे माणूस भिजत आलंय. (ही एक जोडी विरुद्धार्थी निघाली खरी, पण ती छत्रीची हकीकत बदलते, नुसता रंग बदलत नाही.) ‘राहिलेली’ला हातही लावला नाही; आधी ती मागे राहिली होती, आता पाहुण्यासोबत मुक्कामाला राहिली. आणि वाट पाण्याखाली गेली हे तर आता बरंच झालं, आत्याला उद्या सकाळी निघता येणार नाही.

ध्रुवपदाचं उत्तर यातच आलं. ‘पाऊस हा थांबेचना’ पहिल्या कवितेत त्रासलेलं माणूस म्हणतं, दुसरीत तेच शब्द हरखलेलं पोर म्हणतं. ही ओळ बदलली असती तर रूपांतर झाल्याचं कळलंच नसतं, कारण मूळ कविता ज्याच्या कानात आहे त्याला फरक दिसतो तो न बदललेल्या ओळीमुळे. ध्रुवपद सगळ्यात शेवटी, अगदीच नाइलाज झाला तर बदलावं.

उदास प्रतिमा काढायलाच हवी, हे पुरतं खोटं नाही. पण कोणती प्रतिमा उदास, हे शब्दावर ठरत नाही, वाचक कुठे राहतो त्यावर ठरतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. आमच्याकडे आटपाडी, जतची तीच गत. ओढा पायरीशी आला ही ओळ आटपाडीच्या मित्राने ऐकली तेव्हा त्याचा चेहरा उजळला. त्याच्यासाठी मूळ दुःखी कविताही अर्धी आनंदाचीच होती. तीच आनंदी आवृत्ती मी सांगलीत गावभागातल्या मावशींना वाचून दाखवली. त्या दुसऱ्या कडव्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, “वाट पाण्याखाली गेल्यावर छत्री कोण बघतंय रे?”

बरोबर होतं त्यांचं. आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका, हे आकडे इथे शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. 2005, 2019 आणि 2021 चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना पायरीशी आलेलं पाणी कुठल्याही शब्दाने सुखाचं करून दाखवता येत नाही. इथे प्रतिमा काढावीच लागते.

पण काढायच्या आधी ती कवितेत काय काम करत होती ते बघायचं. ओढ्याचं काम एकच होतं: पाहुण्याची परतीची वाट बंद करणं. ते काम करणारं, पण पुराची आठवण न देणारं काही हवं होतं. ते मला साताऱ्याहून कासला जाणाऱ्या घाटात सापडलं:

ढग आले पायरीशी
वाट गेली धुक्याखाली

आठ अक्षरं, चारांवर थांबा, यमक ‘राहिलेली’शी तसंच. वाट तशीच दिसेनाशी झाली, फक्त पाणी चढलं नाही. एक गोष्ट गमावली: ओढ्याचा रात्रीचा आवाज. पातेल्यातल्या थेंबाला तो साथ देत होता, ती जागा आता थोडी मुकी वाटते आणि त्यावर मला अजून तोड मिळालेली नाही. मावशींना हे कडवं पुन्हा वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, “कोण आलंय पण, आत्या का?” आत्या हा शब्द कवितेत कुठेच नाही.