सुई घातली म्हणून गाठीचा कॅन्सर होत नाही

"बायोप्सी करू नका! सुई लागली की साधी गाठ भडकते आणि कॅन्सर अंगभर पसरतो. बिनाइन म्हणजे कॅन्सरची पहिली पायरी. गाठ दुखत नसेल तर हात लावू नका."

हा मेसेज पाव्हण्यांच्या ग्रुपमधून फिरत नंदगडला आमच्या अक्काकडे पोचला. तिच्या २४ वर्षांच्या लेकीच्या स्तनात सुपारीएवढी गाठ. बेळगावात सुईची तारीख मिळालेली, ती अक्काने रद्द करायला लावली. एका फॉरवर्डमुळे! पुन्हा तारीख मिळेपर्यंत पोरगी झोपली नाही.

गाठ कुठली, हे तिच्या पेशी ठरवतात, सुई नव्हे. बिनाइन गाठीच्या पेशी वाढतात, पण शेजारच्या भागात घुसत नाहीत आणि दुसऱ्या अवयवात जाऊन बसत नाहीत. मॅलिग्नंट म्हणजे कॅन्सरच्या पेशी आजूबाजूला घुसतात. तिथून लसिकेतून काखेतल्या लसिकाग्रंथींत, रक्तातून हाडांत किंवा फुप्फुसात जाऊ शकतात. बायोप्सीत सुईने निघतो तो गाठीचा दोऱ्यासारखा बारीक तुकडा. तो फॉर्मालिनमध्ये ठेवतात, मेणात बसवून पातळ काप काढतात, रंगवतात आणि पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली पाहतात. म्हणून रिपोर्टला काही दिवस लागतात. साध्या पेशीला सुई टोचून कॅन्सरची पेशी करता येत नाही.

एक गोष्ट मान्य करते. मुळात कॅन्सर असेल, तर सुईच्या वाटेवर त्याच्या पेशी रुजल्याची उदाहरणे आहेत. यकृतात ते नोंदले गेले आहे, आणि वृषणाच्या गाठीत तर याच भीतीने सहसा सुई घालत नाहीत. पण स्तनात हे फार क्वचित घडते. अंगभर पसरण्याबद्दल बोलायचे, तर मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झालेल्या २,०३४ रुग्णांचा अभ्यास छापला. आधी सुई घातलेल्यांचे आयुष्य कमी झालेले दिसले नाही.

"पहिली पायरी" हेही खोटे. भाचीचा रिपोर्ट आला: फायब्रोअॅडिनोमा, अॅटिपिया म्हणजे वेगळ्या दिसणाऱ्या पेशी नाहीत. ही तरुण मुलींत नेहमी आढळणारी गाठ. तिचा कॅन्सर होणे अतिशय दुर्मिळ. रिपोर्टमध्ये 'अॅटिपिकल हायपरप्लेसिया', म्हणजे अशा वेगळ्या दिसणाऱ्या पेशींची जादा वाढ, असते, तर तेही बिनाइनच, पण पुढचा धोका वाढवणारे. तिथे डॉक्टर नियमित तपासणी सांगतात, कधी तेवढा भाग काढतातही.

आणि दुखणे? स्तनातल्या कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही.

बिनाइन लिहिले की फाइल मिटवायची असेही नाही. हाताची तपासणी, सोनोग्राफी आणि बायोप्सी तिन्ही जुळायला हवीत. सोनोग्राफीत गाठ संशयास्पद आणि रिपोर्ट बिनाइन, तर सुई नेमक्या जागी लागली नसेल. तुकडा पुन्हा घ्यावा लागतो. भाचीचे तिन्ही जुळले. गाठ झपाट्याने वाढली तर मात्र ती काढून तपासावी लागेल, कारण फायलोड्स नावाची गाठ सुरुवातीला अशीच दिसते.