‘कोन दुप्पट, अंतर तेवढंच’: कोळीबाबांच्या गोष्टीत न सांगितलेली ओहोटी

“कुलाब्याच्या समुद्रात एक अडाणी म्हातारा कोळी. हात लांब करून त्याने अंगठ्याने दीपगृहाचा कोन मोजला. वल्हवत राहिला. कोन दुप्पट झाला तेव्हा म्हणाला, ‘जितकं आलो तितकंच उरलं.’ जीपीएस लावून पाहिलं तर तंतोतंत! ना शिक्षण, ना यंत्र. ही पद्धत कधीच चुकत नाही. इंग्रजांनी आपल्याकडूनच चोरली. समुद्रात जाणाऱ्या प्रत्येकाला पाठवा.”

हा मेसेज माझ्या भाच्याने पाठवला, खाली “मामा, आता जीपीएसची कटकटच नको” असं लिहून. त्याने नुकतीच कयाक घेतली आहे. जहाजांवर बेअरिंग, म्हणजे किनाऱ्यावरच्या खुणांची दिशा, घेण्यात माझी हयात गेली, म्हणून हे हसण्यावारी नेता येत नाही.

आधी जे खरं आहे ते कबूल करतो, नाइलाजाने. सरळ जाताना दीपगृह होडीच्या नाकाडापासून किती अंश बाजूला दिसतं ते मोजायचं आणि तो कोन दुप्पट होईपर्यंत तीच दिशा धरायची. मधे जेवढं अंतर कापलं, तेवढंच दुसऱ्या जागेपासून दीपगृह लांब असतं. त्रिकोणाचा बाह्यकोन दोन दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेइतका असतो, म्हणून तो त्रिकोण समद्विभुज होतो. शाळेतलीच भूमिती आहे. नॅथॅनिएल बाउडिचचं नौकानयनाचं पुस्तक पहिल्यांदा १८०२ मध्ये निघालं आणि अमेरिकन सरकार ते आजही छापतं. त्यात ही रीत आहे, आणि त्यासोबत तिच्या अटीही आहेत. मेसेजमध्ये नेमक्या त्याच गळल्यात.

पहिली अडचण अंगठ्याची. गोष्टीतला कोन कुठला, आडवा की उभा? अंगठा धरून मनोऱ्याची उंची मापली असं मानू. कुलाब्याच्या टोकाशी असलेल्या प्राँग्ज दीपगृहाचा मनोरा साधारण ४० मीटर उंच आहे. दोन सागरी मैलांवरून, म्हणजे ३.७ किलोमीटरवरून, तो जेमतेम ०.६ अंशाचा दिसतो. लांब केलेल्या हाताचा अंगठा सुमारे २ अंश रुंद, म्हणजे अख्खं दीपगृह अंगठ्याच्या तिसऱ्या हिश्श्यात मावतं. एक मैल पुढे गेल्यावर तो कोन १.२ होतो. आता दोन्ही वाचनांत फक्त ०.२ अंशाची चूक करून बघा, अंगठ्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी. ०.६ च्या जागी ०.८ आणि १.२ च्या जागी १.० वाचलं, तर उरलेलं अंतर कापलेल्या अंतराच्या चौपट निघतं. उलट बाजूने चुकलं, ०.४ आणि १.४ वाचलं, की तेच ०.४ पट. एकाच जागेवरून दहापट फरकाची दोन उत्तरं, तीही न हलणाऱ्या होडीत! सेक्स्टंट या कोन मोजायच्या यंत्राने हा कोन मिळतो. अंगठ्याने नाही.

आडवा कोन मात्र हाताने बऱ्यापैकी मोजता येतो. हात लांब केला की मूठ साधारण १० अंशांची, म्हणून ३० अंश म्हणजे तीन मुठी. कोन मोठे घेतले की चुकीची झळ कमी बसते. ४५ आणि ९० ही जोडी सगळ्यांत सोपी, कारण ९० अंशाला दीपगृह बरोबर आडव्या फळीच्या रेषेत येतं. तिथे ३ अंशांनी चुकलात तरी उत्तर वीस टक्क्यांच्या आत राहतं. पण आणखी एक गंमत: बसून दोन वल्ही मारणारा माणूस पाठ पुढे करून बसतो, त्यामुळे पुढचं दीपगृह त्याच्या पाठीमागे. कोन घ्यायला थांबून वळावं लागतं आणि तेवढ्यात होडी फिरते. कयाकवाल्याला ही अडचण नाही, हे त्याचं नशीब.

आता खरा धोका. “जितकं आलो” हे म्हाताऱ्याला कळलं कसं? मेसेज याबद्दल चकार शब्द काढत नाही. होडीत कापलेलं अंतर काढतात ते वेग आणि वेळ गुणून, आणि तो वेग असतो पाण्यातला. पाणी स्वतः चालतं. मोठ्या जहाजाचा वेग बारा-पंधरा नॉट, म्हणजे तासाला तेवढे सागरी मैल, असला तर एका नॉटचा प्रवाह किरकोळ. वल्हवणारा दोन नॉटने जातो. उधाणाच्या दिवसांत मुंबई बंदराच्या तोंडाशी एका नॉटहून जास्त प्रवाह सहज असतो.

हिशेब करू. अर्धा तास दोन नॉटने वल्हवलं, ४५ चे ९० झाले. मनात एक मैल. ओहोटी समोरून एका नॉटने येत असेल, तर जमिनीवर अर्धाच मैल कापला, आणि दीपगृहही अर्ध्या मैलावर आहे. प्रवाह आडवा, दीपगृहाकडे ढकलणारा असेल तर? मोजायला सुरुवात करताना दीपगृह एक मैल पुढे आणि एक मैल बाजूला. अर्ध्या तासात होडी एक मैल पुढे आणि अर्धा मैल खडकाकडे सरकली. कोन बिनचूक ४५ आणि ९०, उत्तर एक मैल, खरं अंतर अर्धा मैल. प्राँग्जजवळचा खडक ओहोटीला उघडा पडतो आणि भरतीत पाण्याखाली लपतो. तिथे अर्ध्या मैलाची चूक म्हणजे तळ फुटणं.

हे ओळखायचं कसं? तीन कोन घ्या: साडेसव्वीस, पंचेचाळीस, नव्वद. पाणी स्थिर असेल तर पहिल्या दोघांमधला वेळ आणि पुढच्या दोघांमधला वेळ सारखाच येतो. पहिला वेळ बराच लांबला तर प्रवाह तुम्हाला दीपगृहाकडे ओढतोय. दोन नॉटच्या वेगाला अर्ध्या नॉटचा आडवा प्रवाह असला, तर पुढच्या टप्प्याला अर्धा तास लागतो तिथे पहिल्याला चक्क एक तास लागतो. पण प्रवाह अगदी समोरून किंवा मागून असेल, तर दोन्ही वेळ सारखेच येतात आणि कोनांवरून काहीही कळत नाही. “कधीच चुकत नाही” लिहिणाऱ्याने एवढं एकदा कागदावर काढून पाहायला हवं होतं.

“अडाणी” या शब्दाचा राग वेगळाच. कोळी जाळं टाकायची जागा शोधतो ती किनाऱ्यावरच्या दोन खुणा, टेकडी आणि देऊळ म्हणा, एका रेषेत आणून. त्या एकमेकींपासून सरकल्या की प्रवाह ओढतोय हे तिथल्या तिथे दिसतं, गुणाकार न करता. हे ज्ञान मेसेजमधल्या जादूपेक्षा कितीतरी वरचढ आहे. चोरीबद्दल काय बोलायचं? समद्विभुज त्रिकोण कुणाच्या बापाचा नसतो.

भाच्याला एवढंच कळवलं: निघण्याआधी अपोलो बंदरचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघ, उधाणाचे दिवस टाळ. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेव, जीपीएसला नेटवर्क लागत नाही. कोन घ्यायची हौस असेल तर जरूर घे, पण वेग जीपीएसवरचा धर आणि कोन नाकाडापासून नव्हे, जीपीएसवर दिसणाऱ्या जाण्याच्या दिशेपासून मोज. तो वेग आणि ती दिशा जमिनीवरची असते, वल्ह्याची नाही. वेगाला वेळेने गुण, आणि दुप्पट कोनाचा नियम खडकाच्या पुरेसा आधी लाव, साडेबावीस ते पंचेचाळीस. त्या वेळात जेवढं अंतर कापशील त्याच्या सात दशांशावरून दीपगृह बाजूने जाणार. ते कमी वाटलं तर तिथूनच बाहेर वळ.