दर तिमाहीला तीच तूट: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "पाच वेळा 'का' विचारून आम्ही शेवटी 'स्टोअरकीपरचं लक्ष नव्हतं' इथंच पोचलो. त्याला ट्रेनिंग दिलं, तरी पुढच्या तिमाहीत स्टॉकमध्ये पुन्हा फरक. ही पद्धत म्हणजे खापर फोडायला डोकं शोधणं आहे."

तुमचा राग मी समजू शकतो, पण 'लक्ष नव्हतं' हे कारण तुमच्या आकड्यांशी जुळतं का, हे आधी तपासायला हवं होतं. दुर्लक्षातून होणाऱ्या चुका दोन्ही बाजूंना जातात. कधी माल जास्त निघतो, कधी कमी, आणि दर वेळी वेगळ्याच आयटममध्ये. तोच आयटम दर तिमाहीला कमीच निघत असेल, तर कुठल्या तरी नियमानं तो कमी होतोय.

म्हणून 'स्टॉक का जुळत नाही' या प्रश्नानं सुरुवातच करू नका. गोदामाच्या एकूण फरकात चार-पाच कारणं मिसळलेली असतात आणि जास्तीनं कमी झाकलं जातं. फरकाच्या यादीतली एकच ओळ घ्या. उदाहरणार्थ केबल: खरेदी कॉइलमध्ये, इश्यू मीटरमध्ये. तीन तिमाहींची तूट 412, 268 आणि 533 मीटर.

केबल कमी का? एक तर नोंदीपेक्षा जास्त बाहेर गेली, किंवा नोंदीपेक्षा कमी आत आली. इथं फाटा फुटतो आणि दोन्ही वाटा तपासाव्या लागतात. इश्यू स्लिपा आणि प्रत्यक्ष कापलेली लांबी जुळली, तर पहिली वाट बंद. मग कमी आत का आली? सिस्टीम एक कॉइल म्हणजे 100 मीटर धरते, लेबलवर मात्र 90 मीटर आहे. 100 का धरते? आधीच्या पुरवठादाराची कॉइल तेवढी होती. पुरवठादार बदलला, आयटम कोड आणि मास्टरमधलं रूपांतर तेच राहिलं. ते कुणाच्या लक्षात का आलं नाही? ऑर्डरही कॉइलमध्ये, इनवर्डची तपासणीही कॉइल मोजून. लेबलवरची लांबी बघायची कुणालाच गरज पडत नाही.

आता स्टोअरकीपरचं काम बघा. त्यानं कॉइल बरोबर मोजून घेतल्या, केबल बरोबर मोजून दिली. त्याला कितीही ट्रेनिंग दिलं तरी ही तूट तशीच येणार.

पण हे कारण खरं कशावरून? आकड्यांवरून. इथं एक गफलत हमखास होते: लोक तूट त्या तिमाहीत आत आलेल्या कॉइलच्या संख्येशी ताडून बघतात, ती जुळत नाही, आणि बरोबर कारण सोडून देतात. मोजणीच्या दिवशी न उघडलेली कॉइल यादीत 100 मीटरच धरली जाते, त्यामुळे तिची तूट तेव्हा दिसत नाही. ती दिसते कॉइल संपल्यावर. म्हणून सुरुवातीच्या कॉइल अधिक आलेल्या वजा उरलेल्या, असा संपलेल्या कॉइलचा आकडा काढा. तो 41, 27, 53 आला, तर दर कॉइलमागे जवळजवळ 10 मीटर तूट बसते. 'लक्ष नव्हतं' या उत्तरातून असा हिशोब निघूच शकत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न: पुन्हा पुन्हा का? त्यासाठी 'का'ची दुसरी साखळी लावावी लागते, 'का झालं' याची नव्हे तर 'का सापडलं नाही' याची. दर तिमाहीला अ‍ॅडजस्टमेंट एन्ट्री पडते, कारणाच्या रकान्यात 'मोजणीतील फरक' लिहिलं जातं आणि बुक स्टॉक प्रत्यक्षाशी जुळवला जातो. का? कारण फरकाचा अहवाल अकाउंट्सकडे जातो आणि त्यांना खातं बंद करायचं असतं. मास्टर बदलायचा अधिकार पर्चेसकडे, आणि त्यांना हा अहवाल मिळतच नाही. तूट खर्ची पडते, रूपांतर जिथल्या तिथं. माझ्या मते तुमच्याकडेही शोध इथंच अडला असणार.

दुरुस्ती करताना नुसता 100 चा 90 करू नका. त्या वेळी शेल्फवर 30 बंद कॉइल असतील तर त्या 3,000 मीटर म्हणून चढलेल्या आहेत. त्याच दिवशी 300 मीटरची एकदाची अ‍ॅडजस्टमेंट टाका. नाहीतर पुढच्या मोजणीत तेवढी तूट येईल आणि सगळे म्हणतील, कारण चुकीचं होतं. दोन्ही लांबीच्या कॉइल येत असतील तर एकच रूपांतर चालणार नाही. इनवर्डची नोंद लेबल बघून मीटरमध्येच घ्यावी लागेल.

सगळ्याच ओळी अशा नसतात. एका तिमाहीत कमी आणि पुढच्या तिमाहीत तेवढंच जास्त निघालं, तर मोजणीच्या दिवशी माल हलला आणि एन्ट्री मागाहून पडली, असं आधी धरा. दोन सारख्या दिसणाऱ्या आयटममध्ये एक जितका कमी तितकाच दुसरा जास्त, तर कोडची अदलाबदल बघा. चोरी असेल तर मात्र नुसत्या 'का'नं ती उलगडत नाही; तिथं मध्येच अचानक मोजणी लावावी लागते.

मागच्या तीन-चार तिमाहींचे फरक आयटमनुसार, कमी-जास्तच्या चिन्हासकट इथं टाका. एक ओळ निवडून आपण पहिल्या 'का'पासून पुन्हा सुरू करू.